जुन्या कर्मचाऱ्याबद्दल नव्या कंपनीकडून विचारणा आली आहे. खरं लिहायचंय, पण तिचं नुकसानही नको

खाडीपलीकडचा

नमस्कार मंडळी. सीबीडी बेलापूरला आमचं छोटं फ्रेट फॉरवर्डिंगचं ऑफिस आहे. एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन मी बघतो. एचआर असा वेगळा विभाग नाही. पगार-पीएफ अकाउंट्सच्या मॅडम बघतात, बाकीचं माझ्या गळ्यात.

आमच्याकडे एक मुलगी जून २०२१ ते ऑगस्ट २०२५ होती. आता एका मोठ्या कंपनीत तिची टीम लीड म्हणून निवड होते आहे, डॉक्युमेंटेशनच्याच कामासाठी. त्यांच्या व्हेरिफिकेशन एजन्सीचा फॉर्म मला मेलवर आला. रिपोर्टिंग मॅनेजर म्हणून तिनेच माझं नाव दिलंय.

पहिली तीन वर्षं उत्तम. कस्टमरशी बोलणं असं, की पार्टी फोनवर तिलाच मागायची. कागदाची नजर पण तयार. रोडटेपचा, म्हणजे निर्यातीवरच्या कर-परताव्याचा क्लेम शिपिंग बिलातच मागावा लागतो, तो कॉलम दोन पार्ट्यांच्या चेकलिस्टमध्ये चुकीचा भरला होता. हिने तो फायलिंगच्या आधी पकडला.

मग ऑक्टोबर २०२४ पासून गाडी घसरली. शिपिंग लाईनला एसआय, म्हणजे मालाच्या कागदांसाठीच्या सूचना द्यायची कटऑफ वेळ चुकायला लागली. एसआय चुकली की बीएलचं, म्हणजे लाईनने माल घेतल्याच्या कागदाचं काम अडतं, लाईन लेट चार्ज लावते आणि नशीब वाईट असेल तर कंटेनर पुढच्या जहाजावर जातो. माझ्या हिशेबाने आठ महिन्यांत अकरा वेळा झालं. घरी वडील आजारी होते, डायलिसिस चालू होतं. हे तिने मला एकट्याला सांगितलं होतं. शेवटी तिनेच राजीनामा दिला.

फॉर्ममध्ये विचारलंय: हजेरी कशी, काम कसं (१ ते ५), उणिवा काय, सचोटीबद्दल काही तक्रार आहे का, आणि शेवटी 'पुन्हा घ्याल का: हो / नाही'. या शेवटच्या प्रश्नावर दोन दिवस अडकलोय. सगळं छान लिहिलं तर खोटं, अकरा वेळा लिहिलं तर तिची नोकरी जाणार. तुम्ही काय केलं असतं?

सानपाडा_सुहास

अहो, एवढा विचार कशाला? आमच्या कंपनीत सरळ नियम आहे: जॉइनिंग डेट, लास्ट डेट, हुद्दा. बाकी एक अक्षर नाही. कायद्यानेच मनाई आहे. जुन्या माणसाबद्दल वाईट लिहिलंत तर अब्रुनुकसानीची केस पडते. आमच्या एचआरने ट्रेनिंगमध्ये सांगितलंय.

रोहन_घणसोली

दादा, माझा पण हाच प्रॉब्लेम आहे. माझ्या जुन्या कंपनीने अजून रिलीव्हिंग लेटर दिलेलं नाही आणि पीएफमध्ये एक्झिट डेटही टाकलेली नाही. नवी कंपनी रोज विचारते. काय करू?

मंजिरी_ठाणे

रोहन, तुमचा प्रश्न उलट्या बाजूचा आहे. खाली वेगळं सांगते.

खाडीपलीकडचा, मी ठाण्यात एका इंजिनिअरिंग कंपनीत एचआर बघते, असे फॉर्म आठवड्याला येतात. लिहायला बसण्याआधी तीन गोष्टी बघा.

पहिली, मेल कुठून आलाय. एजन्सीच्या नावाचं जीमेल असेल तर उत्तर देऊ नका. तिच्या सहीचं संमतीपत्र मागा, ते प्रत्येक एजन्सीकडे असतंच. नुसता फोन आला तर नंबर घेऊन ठेवा आणि कंपनीच्या बोर्ड नंबरवर तुम्ही उलट फोन करा. रेफरन्सच्या नावाखाली पगाराची माहिती काढणारे स्पर्धक मी पाहिलेत.

दुसरी, तारखा. तुमच्या रिलीव्हिंग लेटरवर कोणती तारीख आहे आणि पीएफला अकाउंट्सने कोणती टाकलीय? या दोन जुळल्या नाहीत तर तुम्ही कितीही प्रेमाने लिहा, रिपोर्टमध्ये तफावत दिसणार आणि ती मुलगी खुलासे देत बसणार.

तिसरी, 'अकरा वेळा' हा आकडा आला कुठून? आठवणीतून की कागदावरून? आणि तिच्या हातून किती फाइल्स गेल्या त्या काळात? सोळा फाइल्समध्ये अकरा आणि सहाशेमध्ये अकरा, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

काळा_कोट

सुहासरावांचं अर्धं बरोबर आहे. फक्त तारखा आणि हुद्दा देणं हे तुमच्या कंपनीचं धोरण, आणि ते ठेवायला कंपनी मोकळी आहे. पण 'कायद्याने मनाई' असं काही नाही.

अब्रुनुकसानी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, आधी ती भादंवि ४९९ मध्ये होती. त्यातले अपवाद वाचा. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी सद्‌भावनेने केलेलं विधान हा त्यातला एक. कायद्यातलंच उदाहरण आहे: दुकानदार आपला धंदा सांभाळणाऱ्याला सांगतो, की अमक्याला रोख घेतल्याशिवाय माल देऊ नकोस, मला त्याच्या प्रामाणिकपणाचा भरवसा नाही. ते सद्‌भावनेने सांगितलं असेल तर तो अपवादात बसतो. नव्या मालकाने विचारलंय, तुम्ही माहितीच्या आधारावर, आकस न ठेवता, विचारलं तेवढंच सांगताय. हे त्याच्या जवळ जाणारं आहे.

पण एक लक्षात घ्या. फौजदारी बाजूला 'मी खरं बोललो' एवढंच पुरत नाही, ते लोकहितासाठी होतं का हेही बघितलं जातं. म्हणून सगळा भर सद्‌भावनेवर. आणि ती दिसते कशातून? तुम्ही लिहिण्याआधी कागद तपासलात का, यातून. मंजिरीताईंचा तिसरा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

आबा_नौपाडा

चाळीस वर्षं नोकरी केली, वागळे इस्टेटला दोन कारखाने पाहिले. आमच्या वेळी साहेब फोन उचलायचा आणि म्हणायचा, 'पोरगं चांगलं आहे, घे.' संपलं. आता एवढ्या कलमांचं काय करायचं? वडील आजारी असताना चार कागद उशिरा गेले म्हणून त्या पोरीच्या पोटावर पाय देणार का? पाचपैकी पाच द्या आणि झोपा.

तन्वी_ऐरोली

आबा, मी समोरच्या टेबलावर बसते, म्हणजे माणसं घेणारी. तुमच्या पाचपैकी पाचचं काय होतं ते सांगते. काही होत नाही. नव्वद टक्के फॉर्म तसेच येतात, त्यामुळे आम्ही ते वाचतही नाही.

मी स्वतः फोन करते तेव्हा एकच शोधत असते: या जागेवर जे काम आहे ते या माणसाने केलेलं कोणी पाहिलंय का? 'मेहनती आहे, टीम प्लेअर आहे' याने मला काही कळत नाही. 'रोडटेपचा चुकलेला कॉलम तिने फायलिंगच्या आधी पकडला' हे कळलं तर मी लिहून घेते. तुमच्या पोस्टमधलं हे एक वाक्य तिच्यासाठी पाचपैकी पाचपेक्षा मोठं आहे.

आणि आता नको असलेली बातमी. एजन्सीचा रिपोर्ट आमच्याकडे हिरवा, पिवळा, लाल असा येतो. 'पुन्हा घ्याल का' याला 'नाही' आलं की बहुतेक ठिकाणी ते लाल होतं. शेरा खालच्या पानावर असतो आणि हायरिंग मॅनेजर खालच्या पानापर्यंत जातोच असं नाही. तेव्हा त्या एका चौकोनाला जपा.

खाडीपलीकडचा

सगळ्यांचे आभार. मंजिरीताई, तुम्ही सांगितलंत म्हणून मेल उघडून बसलो.

तारखा: रिलीव्हिंग लेटरवर १४ ऑगस्ट, पीएफला ३१ ऑगस्ट. अकाउंट्सच्या मॅडमनी महिनाअखेर टाकून दिली होती. दुरुस्तीला दिलंय. तोपर्यंत एजन्सीला दोन्ही तारखा कारणासकट कळवणार.

अकराचं असं: लाईनचे लेट एसआयचे मेल एका फोल्डरमध्ये होते. एकेक उघडला. चार वेळा पार्टीने इनव्हॉइस किंवा व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरच्या वजनाचा कागदच कटऑफनंतर पाठवला होता, त्यात हिचा काही दोष नाही. उरल्या सात. त्या आठ महिन्यांत तिच्या हातून साधारण साडेचारशे ते पाचशे फाइल्स गेल्या. बाकी तिघांच्या मिळून तेवढ्याच काळात दोन चुकल्या.

म्हणजे टक्केवारीत काही नाही, पण इतरांच्या मानाने खूप. आता हे कसं मांडू? सात म्हटलं की मोठं वाटतं, दीड टक्का म्हटलं की किरकोळ.

मंजिरी_ठाणे

दोन्ही लिहा. आणि तिसरी गोष्ट जी तुम्ही अजून सांगितली नाहीत: तुम्ही तिला हे तेव्हा सांगितलं होतं का, लेखी? आणि मग काय झालं?

मी माझ्या लोकांना एक सांगते. जे माणसाला त्याच्या तोंडावर, नोकरीत असताना सांगितलं नाही, ते त्याच्या पाठीमागे तिसऱ्याला सांगायचं नाही. अप्रेझलला 'छान' लिहून रेफरन्सला 'बेजबाबदार' लिहिणारे मॅनेजर आहेत. तिथे खरी पंचाईत होते, कारण उद्या कोणी दोन्ही कागद शेजारी ठेवले तर त्यातला एक खोटा ठरतो.

खाडीपलीकडचा

सांगितलं होतं. मार्च २०२५ च्या अप्रेझलमध्ये लिहिलंय आणि मे मध्ये वेगळा मेल आहे. जूनपासून मी एक बदल केला. दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या कटऑफची यादी दुपारी चारला तिने आणि तिच्या शेजारच्या मुलाने एकत्र बघायची. त्यानंतर ती जाईपर्यंत एकही चुकली नाही.

तन्वी_ऐरोली

हे तुम्ही शेवटी का सांगताय! मला माणूस घ्यायचा असेल तर हेच हवंय. अडचण काय होती, कशाने सुटली, सुटली तेव्हा ती स्वतः त्यात होती का. 'कटऑफ चुकवते' आणि 'यादी समोर असली की चुकवत नाही' यात फरक आहे. दुसऱ्या वाक्यावर मी नोकरी देऊ शकते, आणि पहिल्याच दिवशी ती यादी लावून देऊ शकते.

सानपाडा_सुहास

ठीक आहे, मनाई नसेल. पण धोका आहेच ना? उत्तर दिलं नाही तर धोका शून्य. तारीख-हुद्दा लिहून मोकळं व्हावं.

तन्वी_ऐरोली

सुहास, मोठ्या कंपनीकडून नुसती तारीख-हुद्दा आलं तर आम्हाला माहीत असतं की धोरणच तसं आहे. पण चौदा-पंधरा माणसांच्या ऑफिसमधून, तेही उमेदवाराने स्वतः नाव दिलेल्या साहेबाकडून तेवढंच आलं, तर समोरचा म्हणतो, 'काहीतरी भानगड दिसते.' गप्प राहणं नेहमी तटस्थ वाचलं जात नाही. तुमचा धोका शून्य होतो, पण तो तिच्या खात्यावर जातो.

काळा_कोट

इंग्लंडमध्ये १९९४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अशुरन्स या खटल्यात ठरवलं, की रेफरन्स देणाऱ्याने तो वाजवी काळजी घेऊन दिला पाहिजे, निष्काळजीपणे दिला आणि माणसाचं नुकसान झालं तर तो भरपाई मागू शकतो. आपल्या कोर्टावर ते बंधनकारक नाही, त्यामुळे घाबरू नका. पण काळजी कशाची घ्यायची ते त्यातून कळतं: नुसती वाक्यं खरी असून भागत नाही, ती जमवायलाही काळजी हवी. तुमच्या अकरापैकी चार पार्टीच्या चुका निघाल्या. न तपासता अकरा लिहिले असते तर हेतू शुद्ध असूनही ते चुकीचं झालं असतं.

खाडीपलीकडचा

आता अवघड भाग. ती गेल्यावर दोन पार्ट्या आमच्याकडून तुटल्या. ऑफिसात एकाचं म्हणणं, तिने आमचे रेट बाहेर दिले. सचोटीच्या प्रश्नाखाली हे लिहावं का? नाही लिहिलं आणि उद्या नव्या ठिकाणी काही झालं तर मला विचारतील.

मंजिरी_ठाणे

चौकशी केलीत? तिला विचारलंत? काही मेल, मेसेज सापडला?

खाडीपलीकडचा

नाही. ती तेव्हा गेलेलीच होती. त्यातली एक पार्टी तर आधीपासूनच रेटवरून कुरकुरत होती.

मंजिरी_ठाणे

मग तुमच्याकडे काहीच नाही, एका सहकाऱ्याचा संशय आहे. त्या चौकोनात मी लिहिते: 'तिच्या कार्यकाळात सचोटीबद्दल कोणतीही तक्रार किंवा चौकशी नोंदलेली नाही.' हे शंभर टक्के खरं आहे. 'अत्यंत प्रामाणिक' असंही लिहू नका, ते तुम्हाला माहीत नाही. आणि फोनवर त्यांनी खोदून विचारलं, तर आवाज बदलून 'तसं काही कागदावर नाही हो...' असं लांबवू नका. ओळीपेक्षा तो सूरच जास्त लिहून घेतला जातो.

तन्वी_ऐरोली

अगदी. तो लांबलेला 'हो' मी ऐकलाय.

कोपरीची_पमा

मी धागा वाचत होते, राहवलं नाही. माझी बाजू ऐका. चार वर्षांपूर्वी माझी एक ऑफर अशीच गेली. माझ्या जुन्या साहेबांनी फोनवर सांगितलं, 'घरच्या अडचणी फार होत्या तिच्या.' त्यांना वाटलं ते माझी बाजू घेतायत. समोरच्याने ऐकलं: ही सुट्ट्या घेणार. मला हे नंतर ओळखीतून कळलं.

म्हणून हात जोडून सांगते, वडिलांच्या आजाराचं काढू नका.

आबा_नौपाडा

पण मग पोरगी उगाच बेफिकीर ठरेल ना? कारण सांगितलं तर माणूस समजून घेतो. मी तर म्हणेन तेच आधी सांगा.

मंजिरी_ठाणे

आबा, तुमचा हेतू कळतो. पण आजार वडिलांचा आहे. त्यांनी कोणाला काही सांगायची परवानगी दिलेली नाही. तिने संमतीपत्रावर सही केलीय ती तिच्या नोकरीच्या माहितीसाठी. कारण सांगायचं की नाही हे तिला ठरवू दे, मुलाखतीत तिच्या तोंडून ते वेगळं ऐकू येईल. आपण फार तर एवढं लिहावं, की हा काळ मर्यादित होता, त्याआधी तीन वर्षं असं झालेलं नाही. हजेरीच्या रकान्यात, रजा मंजूर होत्या तर 'रजा मंजुरीने' एवढंच.

खरं तर सोपा रस्ता आहे. तिला फोन करा.

काळा_कोट

फोन करायला हरकत नाही. मसुदा वाचून दाखवू नका, नाहीतर वाक्यावाक्यावर वाटाघाटी सुरू होतील. काय येणार आहे तेवढं सांगा.

सानपाडा_सुहास

हे मला पटत नाही. ती रडली तर? मग तुम्ही मऊ लिहिणार. एकदा विचारलं की उत्तर स्वतंत्र राहत नाही.

खाडीपलीकडचा

काल संध्याकाळी फोन केला. म्हटलं, मी चांगलंही लिहिणार आहे आणि कटऑफचंही लिहिणार आहे. तुला माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाचं नाव द्यायचं असेल तर दे, मला राग नाही. थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'सर, तुमचंच राहू दे, फक्त बाबांचं नको.' ते ठीक.

पण सात ऐकून भडकली. म्हणाली, त्यातल्या दोन फाइल्स दुसऱ्या टेबलावरून कटऑफच्या तासभर आधी तिच्याकडे टाकल्या होत्या. मी शोधलं. फाइल हातात कधी आली याची आमच्याकडे नोंदच नसते. ती खरं बोलतेय की नाही हे ठरवायला माझ्याकडे कागद नाही. आता सात लिहू की पाच?

मंजिरी_ठाणे

पाच. ज्यावर वाद आहे आणि निकाल लावायला पुरावा नाही, ते सोडून द्या. 'किमान पाच' नको, 'किमान' म्हटलं की समोरचा मनात दहा धरतो. 'तिच्या बाजूने झालेल्या, माझ्याकडे नोंद असलेल्या पाच.'

तन्वी_ऐरोली

मी आकडा टाळला असता. 'काही वेळा' म्हटलं असतं. आकडा रिपोर्टमध्ये उचलून वर येतो.

मंजिरी_ठाणे

'काही वेळा' म्हणजे प्रत्येकाच्या मनात वेगळं. मला आकडा बरा वाटतो, सोबत एकूण फाइल्स असतील तर. इथे आपलं जमणार नाही, तन्वी.

खाडीपलीकडचा

आकडा ठेवला. मूळ मेल इंग्रजीत आहे, इथे मराठीत टाकतो. बघा:

'त्या जून २०२१ ते १४ ऑगस्ट २०२५ आमच्याकडे एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्ह होत्या आणि थेट माझ्या हाताखाली काम करत. पीएफ नोंदीत ३१ ऑगस्ट ही तारीख आमच्या बाजूच्या चुकीने आहे, दुरुस्ती चालू आहे. त्यांनी स्वतः राजीनामा दिला, नोटीस पूर्ण केली, कामाचा ताबा व्यवस्थित दिला.

शिपिंग बिलाची चेकलिस्ट आणि बीएलचा मसुदा तपासण्यात त्या आमच्याकडच्या सर्वांत चांगल्या लोकांपैकी होत्या. दोन ग्राहकांच्या रोडटेप क्लेमची चूक त्यांनी फायलिंगआधी पकडली. ग्राहकांशी त्यांचा संवाद उत्तम होता. दोन नव्या मुलांना त्यांनी काम शिकवलं.

ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात साधारण साडेचारशे फाइल्सपैकी, त्यांच्या बाजूने झालेल्या आणि माझ्याकडे नोंद असलेल्या पाच प्रकरणांत एसआयची कटऑफ चुकली. इतर सहकाऱ्यांच्या तुलनेत हे जास्त होतं आणि मी ते त्यांना लेखी कळवलं होतं. त्याआधीच्या तीन वर्षांत अशी अडचण नव्हती. जून २०२५ पासून दुसऱ्या दिवशीच्या कटऑफची यादी दोघांनी मिळून तपासण्याची पद्धत सुरू केली, त्यानंतर त्या जाईपर्यंत एकही चुकली नाही.

टीम लीड म्हणून त्यांनी आमच्याकडे काम केलेलं नाही, त्यामुळे त्याबद्दल मत देऊ शकत नाही. सचोटीबद्दल कोणतीही तक्रार किंवा चौकशी नोंदलेली नाही. रजा मंजुरीने घेतल्या.'

१ ते ५ मध्ये ४ दिलेत.

काळा_कोट

साडेचारशे हा अंदाज आहे ना? मग 'अंदाजे' म्हणा, नोंदीसारखा आव नको. आणि मेलची प्रत जपून ठेवा. बाकी मला खटकण्यासारखं काही नाही.

कोपरीची_पमा

'त्याआधीच्या तीन वर्षांत अशी अडचण नव्हती' ही ओळ माझ्या साहेबांनी लिहिली असती तर!

तन्वी_ऐरोली

टीम लीडबद्दल 'मत देऊ शकत नाही' हे खरं आहे, पण कोरडं वाटतं. शेजारीच 'दोन मुलांना शिकवलं' ते आणा. लीडच्या जागेसाठी तेच कामाचं आहे.

मंजिरी_ठाणे

रोहन, तुमचं राहिलं होतं. पीएफची एक्झिट डेट शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की तुम्ही स्वतः यूएएन पोर्टलवर 'मार्क एक्झिट' मधून टाकू शकता. एकदा टाकली की तिथून स्वतःला बदलता येत नाही, तेव्हा राजीनामा स्वीकारल्याचा मेल समोर ठेवून भरा. रिलीव्हिंग लेटरसाठी एचआरला लेखी आठवण द्या. नव्या कंपनीला राजीनामा स्वीकारल्याचा मेल आणि शेवटच्या पगाराची स्लिप दाखवा, बरेच जण तेवढ्यावर थांबतात.

रोहन_घणसोली

धन्यवाद ताई. माझे दोन महिने पुढच्या आठवड्यात होतात.

खाडीपलीकडचा

पाठवलं. तासाभरात एजन्सीच्या मुलाचा फोन. 'सर, रिहायर रिकामं आहे, हो की नाही टाकल्याशिवाय सिस्टीम फॉर्म घेत नाही.' म्हटलं, 'काही अटींवर हो' असं लिहा. म्हणाला, तसा पर्याय नाही.

तन्वी_ऐरोली

मग 'हो'. शेऱ्यात अट लिहा.

सानपाडा_सुहास

आता बघा. अट शेऱ्यात, म्हणजे खालच्या पानावर. तुम्हीच म्हणालात ते कोणी वाचत नाही. मग हे 'हो' त्याच पाचपैकी पाचसारखं झालं की.

मंजिरी_ठाणे

सुहास यांचा मुद्दा या वेळी चुकीचा नाही. खाडीपलीकडचा, स्वतःला विचारा: उद्या तुमच्याकडे जागा निघाली आणि ती आली, चारची यादी तशीच चालू आहे, तर घ्याल का?

खाडीपलीकडचा

घेईन. कस्टमर डेस्कवर तर उद्याच.

मंजिरी_ठाणे

मग 'हो' खरं आहे. फॉर्म विचारतो ते तुम्ही घ्याल का. त्यांनी टीम लीड म्हणून घ्यावं का, हे तो विचारत नाही.

सानपाडा_सुहास

वाचणारा तसंच समजतो पण.

आबा_नौपाडा

चारची यादी कोणाची कल्पना होती, तुमची का तिची?

खाडीपलीकडचा

माझी. पण ती रोज लावायची तीच. 'हो' टाकलं, आणि शेऱ्यात ही यादीची ओळ पुन्हा लिहिली. फॉर्म गेला. काय होतं ते कळलं तर इथे टाकतो.